डिगॉक्सिन, मिरी आणि आतड्यातला उपसा

हृदयाचा ताल बिघडलेल्या रुग्णांना एकेकाळी दोन जुनी औषधं एकत्र दिली जात. एक डिगॉक्सिन, फॉक्सग्लोव्ह कुळातल्या झुडपाच्या पानांतून काढलेलं. दुसरं क्विनिडीन, सिंकोनाच्या सालीतलं, मलेरियावरच्या क्विनाइनचं सख्खं भावंड. पहिलं हृदयाच्या आकुंचनाला जोर देतं आणि वेग आवरतं, दुसरं विस्कटलेला ताल सावरतं. ही जोडी वर्षानुवर्षं वापरात होती. मग १९७८ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जवळपास एकाच वेळी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. डिगॉक्सिनवर स्थिर असलेल्या रुग्णाला क्विनिडीन सुरू केलं की त्याच्या रक्तातलं डिगॉक्सिन काही दिवसांत सुमारे दुप्पट होत होतं. गोळी तीच, मात्रा तीच, मूत्रपिंडांचा जुनाच रिपोर्ट, तरी पातळी दुप्पट.

डिगॉक्सिनच्या बाबतीत दुप्पट म्हणजे धोका. नेहमीची गोळी पाव मिलिग्रॅमची असते. रक्तातल्या द्रवात मिलिलीटरमागे साधारण अर्धा ते एक नॅनोग्रॅम एवढंच औषध पुरेसं होतं, आणि दोन नॅनोग्रॅमच्या पुढे गेलं की मळमळ, अन्नावरची वासना उडणं, नजरेला पिवळेपणा येणं आणि शेवटी हृदयाच्या ठोक्यांचीच गडबड सुरू होऊ शकते. उपयोग आणि विषबाधा यांच्यातली जागा इतकी अरुंद असलेली औषधं थोडीच आहेत.

एक औषध दुसऱ्याची पातळी वाढवतं तेव्हा पहिला संशय यकृतावर जातो. यकृतातली विकरं औषधांचं विघटन करतात, आणि दुसऱ्या औषधाने ती अडवली की पहिलं साचत जातं. इथे ते उत्तर चालत नव्हतं, कारण डिगॉक्सिनचं शरीरात फारसं विघटनच होत नाही. त्याचा मोठा भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. मग क्विनिडीन नेमकं काय अडवत होतं? याचं नीट उत्तर मिळायला वीस वर्षं लागली. ते मिळालं एका प्रथिनात, ज्याचा शोध हृदयाशी किंवा आतड्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत लागला होता.

१९७६ मध्ये कॅनडातल्या टोरांटोमध्ये रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग हे हॅमस्टरच्या पेशींवर काम करत होते. त्या पेशींना त्यांनी कॉल्चिसिन या विषाची सवय लावली होती. हे तेच कॉल्चिसिन, जे आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं आणि गाउटच्या दुखण्यावर आजही दिलं जातं. विषाला दाद न देणाऱ्या या पेशींच्या आवरणात एक मोठं प्रथिन भरपूर प्रमाणात आढळलं. साध्या पेशींत ते तसं दिसत नव्हतं. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन असं नाव मिळालं. पुढे लक्षात आलं की या पेशी कॉल्चिसिनच नव्हे, तर रचनेत त्याच्याशी काहीच साम्य नसलेली कॅन्सरवरची औषधंही बाहेर फेकतात. त्यामुळे पहिली दहा वर्षं हे प्रथिन कॅन्सरच्या पेशींची एक वाईट खोड म्हणूनच अभ्यासलं गेलं.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी माणसाच्या अवयवांत ते शोधलं, आणि चित्र पालटलं. यकृतात पित्ताच्या बाजूला, मूत्रपिंडात लघवीच्या बाजूला आणि आतड्याच्या अस्तरात अन्नाच्या बाजूला ते होतं. म्हणजे प्रत्येक ठिकाणी शरीराच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर. नंतर मेंदूच्या केशवाहिन्यांतही ते सापडलं, तिथे ते मेंदूकडून रक्ताकडे तोंड करून बसलेलं असतं. कॅन्सरच्या पेशींनी ते नव्याने घडवलं नव्हतं. शरीराची मूळचीच राखण त्यांनी आपल्या बचावासाठी वाढवून घेतली होती.

आतड्यात ही राखण कशी चालते ते पाहू. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. औषधाचा रेणू अन्नाच्या बाजूने या पेशीत शिरतो आणि पलीकडच्या बाजूने रक्तात उतरतो. पेशीचं आवरण मेदाचं असतं, त्यामुळे मेदात विरघळणारे रेणू त्यातून आपसूक पार होऊ शकतात. पी-ग्लायकोप्रोटीन या आवरणात आरपार रोवलेलं असतं, आणि तेही फक्त अन्नाकडच्या बाजूला. त्याच्या पोटात एक मोठी पोकळी असते, आणि तिचं तोंड सुरुवातीला पेशीच्या आतल्या अंगाला उघडं असतं. आवरणातून आत सरकणारा रेणू त्या पोकळीत अडकला की प्रथिन पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, खर्च करून आपला आकार बदलतं. आतलं तोंड मिटतं, बाहेरचं उघडतं, आणि रेणू पुन्हा आतड्यातल्या द्रवात जाऊन पडतो. त्यातले बरेचसे रेणू पेशीच्या आत पोचण्याआधीच, आवरणात असतानाच, पकडले जातात.

होडीच्या तळाला भोक असावं आणि एक माणूस सतत पाणी उपसत असावा, तसं हे आहे. होडी बुडेल की नाही हे एकट्या उपसणाऱ्यावर ठरत नाही. भोक केवढं आहे आणि बाहेर पाण्याचा दाब किती आहे, यावरही ते ठरतं. पी-ग्लायकोप्रोटीनविषयी जे काही सांगायचं आहे, ते बहुतेक या हिशेबातच येतं.

डिगॉक्सिनचाच हिशेब मांडू. पाव मिलिग्रॅमची गोळी पेलाभर, म्हणजे अडीचशे मिलिलीटर, पाण्याबरोबर घेतली आणि ती पूर्ण विरघळली असं धरलं, तर आतड्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम इतकं विरळ द्रावण तयार होतं. हा पंप दमायला याच्या कितीतरी दशपट दाट द्रावण लागतं. शिवाय डिगॉक्सिनचा रेणू मोठा आणि बोजड, आवरणातून सावकाश सरकणारा. भोक लहान, दाब कमी, म्हणून उपसणाऱ्याला काम झेपतं. तरीही तो सगळं परतवू शकत नाही. गोळीतलं साधारण साठ ते सत्तर टक्के औषध रक्तात पोचतंच, बाकीच्याचा बराच भाग पंपामुळे मागे राहतो. याउलट ज्या औषधाचा डोस काही शे मिलिग्रॅमचा असतो आणि जे आवरणातून झपाट्याने पार होतं, त्याच्यापुढे आतड्यातला पंप असून नसल्यासारखा होतो. मेंदूत औषध रक्तातून अत्यल्प प्रमाणात येतं, त्यामुळे तेच औषध तिथे मात्र पंप चोख अडवू शकतो.

पंप खरोखर एवढं काम करतो हे कशावरून, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचा सगळ्यांत ठसठशीत पुरावा ठरवून मिळालेला नव्हता. अॅमस्टरडॅममध्ये आल्फ्रेड शिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पंप तयार करणारं जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवले होते. दिसायला ते अगदी निरोगी होते. त्यांच्या अंगावर किडे झाले म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं गेलं. साध्या उंदरांना काही झालं नाही, पंप नसलेले उंदीर मात्र मेले. तपासलं तेव्हा त्यांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिनचं प्रमाण साध्या उंदरांच्या ऐंशीपटींहून जास्त होतं. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे याच उंदरांना यू वृक्षापासून मिळालेलं पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरवरचं औषध तोंडावाटे दिलं. साध्या उंदरांत त्याचा सुमारे अकरा टक्के भाग रक्तात पोचत होता, पंप नसलेल्यांत पस्तीस टक्के. हे औषध रुग्णाला शिरेतून का द्यावं लागतं, याचं एक मोठं कारण या आकड्यांत आहे.

क्विनिडीनचं कोडंही अशाच उंदरांनी सोडवलं. १९९९ मध्ये त्यांना डिगॉक्सिन आणि क्विनिडीन एकत्र दिलं गेलं. साध्या उंदरांत डिगॉक्सिनची पातळी चांगलीच चढली, पंप नसलेल्यांत थोडीशीच. क्विनिडीन पंपच अडवत होतं. जो उंदीर मुळातच पंपाविना जन्मला, त्याच्यात अडवण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं.

याच प्रकारची परीक्षा आता औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत रोज होते, आणि त्यासाठी उंदीर लागत नाहीत. माणसाच्या आतड्याच्या गाठीतून वाढवलेल्या, कॅको-टू नावाच्या पेशी सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीवर सुमारे तीन आठवडे वाढवतात. त्यांचा एकसंध थर तयार होतो, वर आतड्याची बाजू आणि खाली रक्ताची. मग औषध एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर किती वेगाने जातं ते मोजतात. साधी झिरप असेल तर दोन्ही वेग सारखे यायला हवेत. खालून वर जाण्याचा वेग दुपटीहून जास्त आला की कोणीतरी उपसतंय हे कळतं. मग पंप अडवणारा पदार्थ घालून पाहतात. दोन्ही वेग एकमेकांच्या जवळ आले, तर उपसणारा पी-ग्लायकोप्रोटीन आहे असं मानायला आधार मिळतो. या चाचणीत मोजमापाचं औषध म्हणून नेहमी डिगॉक्सिनच वापरलं जातं, कारण त्याच्यात विघटनाचा गोंधळ नसतो.

माणसात या पंपाचं बळ बदलतं हे सर्वांत नेटकेपणाने दाखवलं स्टुटगार्टच्या एका गटाने, १९९९ मध्ये. मला हा प्रयोग या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. आठ निरोगी माणसांना आधी डिगॉक्सिन देऊन रक्तातल्या पातळ्या मोजल्या. मग त्यांना क्षयावरचं रिफाम्पिसिन रोज सहाशे मिलिग्रॅम देऊन पुन्हा तेच मोजलं. दोन्ही वेळा एकदा तोंडावाटे आणि एकदा शिरेतून. शिवाय दुर्बिणीतून आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेऊन त्यातलं पी-ग्लायकोप्रोटीनही मोजलं. रिफाम्पिसिनने आतड्यातलं हे प्रथिन सुमारे साडेतीन पटींनी वाढलं होतं. तोंडावाटे घेतलेलं डिगॉक्सिन आधी सुमारे ६३ टक्के पोचत होतं, ते ४४ टक्क्यांवर आलं. शिरेतून दिलेल्या डिगॉक्सिनवर परिणाम त्या मानाने कमी होता. शिरेतून दिलेलं औषध आतड्याच्या वाटेने आत येत नाही, म्हणून मुख्य फरक आतड्यात पडला हे सिद्ध झालं. ज्यांच्यात प्रथिन जास्त वाढलं, त्यांच्यात शोषणही जास्त घटलं होतं.

आता वनस्पतींकडे वळू. क्विनिडीन सिंकोनाचं, सर्पगंधेतलं रेसर्पीन, मिरीतलं पायपरीन, फळांतली काही रंगद्रव्यं, द्राक्षफळाच्या रसातली काही द्रव्यं. पंप अडवणाऱ्यांच्या यादीत वनस्पतींचे रेणू फार दिसतात. का?

त्याचं एक कारण अगदी साधं आहे. पंप ज्यांना पकडण्यासाठी बनलेला दिसतो, तेच हे रेणू आहेत. वनस्पती पळू शकत नाहीत, त्या रसायनांनी लढतात, आणि त्यांची बरीच विषं मेदात विरघळणारी, सपाट कड्यांची, बऱ्याचदा नायट्रोजन धरलेली असतात. पान खाणाऱ्या प्राण्याच्या आतड्यात अशा रेणूंना परतवणारी यंत्रणा असणं फायद्याचंच. डिगॉक्सिन, कॉल्चिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल हे तिघेही वनस्पतींचीच विषं आहेत आणि तिघेही उपसले जातात. पंपाची पोकळी म्हणूनच एखाद्या ठरावीक रेणूसाठी कोरलेली नाही. ती प्रशस्त आहे आणि तिच्या भिंती मेदप्रिय आहेत. तिथे वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या कोनांत चिकटू शकतात, आणि जी जागा अनेकांना चालते, ती कोणालातरी अडकूनही ठेवते.

उपसला जाणारा रेणू आणि पंप अडवणारा रेणू यांत फरक कुठे पडतो? १९९०च्या दशकात एक उत्तर पुढे आलं, ते मला पटतं. काही रेणू आवरणातून इतक्या झटपट पार होतात की पंपाने बाहेर टाकलेला रेणू क्षणात परत आत येतो. पंप पुन्हा पकडतो, पुन्हा टाकतो. उपसणारा राबतो, पण होडीतलं पाणी तेवढंच राहतं, आणि सगळा वेळ त्यालाच उपसण्यात गेल्याने डिगॉक्सिनसारखा सावकाश येणारा रेणू त्याच्या हातून निसटतो. दुसरं उत्तर २०१९ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं. पोकळीत पॅक्लिटॅक्सेलचा एकच रेणू बसला होता. झोसुक्विडार या कृत्रिम अवरोधकाचे मात्र दोन रेणू एकमेकांना लागून बसले होते, आणि पोकळी भरून गेल्याने पंपाच्या हालचालीलाच अटकाव होत होता. प्रत्येक वनस्पतिद्रव्य यांपैकी कोणत्या वाटेने जातं, हे ज्याचं त्याचं वेगळं. काही तर पोकळीत न जाता, पंपाच्या ज्या भागात एटीपी बसतं तिथे अडथळा आणतात.

वनस्पतींनी हे अवरोधक मुद्दाम घडवले का? माणसाच्या किंवा उंदराच्या पंपाबाबत तसं म्हणायला पुरावा नाही, आणि मोहात पडून तसं म्हणू नये. पण जिवाणूंच्या पंपाबाबत एक विलक्षण उदाहरण आहे. दारुहळदीच्या कुळातली झुडपं बर्बेरीन नावाचं पिवळं, जिवाणूनाशक द्रव्य बनवतात. स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू मात्र बर्बेरीन आपल्या वेगळ्याच प्रकारच्या पंपाने बाहेर फेकतो. २००० मध्ये फ्रँक स्टेर्मिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की यातल्या काही झुडपांत आणखी एक द्रव्य असतं, जे स्वतः जिवाणूला फारसं मारत नाही, पण त्याचा पंप अडवतं. दोन्ही एकत्र आले की बर्बेरीन जिवाणूच्या आत साठतं. एकाच पानात शस्त्र आणि शत्रूची ढाल बाद करणारा पदार्थ असे दोन्ही असणं, हा योगायोग मानणं कठीण आहे.

आपल्या स्वयंपाकघरातला रेणू घ्यायचा तर पायपरीन, मिरीला आणि पिंपळीला तिखटपणा देणारा. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचं त्रिकटू आयुर्वेदातल्या कितीतरी कल्पांत सोबतीला येतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उभा केला की हे त्रिकटू स्वतः औषध म्हणून घातलं जातं, की दुसऱ्या औषधाचा अंगी लागणारा भाग वाढवायला? १९८१ मध्ये त्यांनी दाखवलं की प्राण्यांत त्रिकटूबरोबर दिलेल्या काही औषधांची रक्तातली पातळी वाढते, आणि त्यातला कर्ता मुख्यतः पायपरीन आहे. त्या वेळी पी-ग्लायकोप्रोटीन आतड्यात असतं हेच माहीत नव्हतं. २००२ मध्ये स्टुटगार्टच्याच संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर कॅको-टू पेशींच्या थरावर पाहिलं तेव्हा पायपरीनने डिगॉक्सिनचा उपसा अडवला. तो निम्म्यावर आणायला लिटरमागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास पायपरीन पुरलं. त्याच अभ्यासात पायपरीन औषधं मोडणारं सीवायपी-तीन-ए-चार हे विकरही अडवतं असं दिसलं. हे विकर आतड्याच्या त्याच पेशींत, पंपाच्या मागेच असतं. पंप रेणूला पुन्हा पुन्हा बाहेर टाकतो आणि तो पुन्हा आत येतो तेव्हा दर वेळी विकराला त्याच्यावर घाव घालायची संधी मिळते. म्हणून या दोघांना एकत्र अडवणारं द्रव्य काही औषधांचं शोषण फार वाढवू शकतं.

साडेचार मिलिग्रॅम हा आकडा हाती असेल तर एक महत्त्वाची गोष्ट स्वतःच मोजून पाहता येते. दहा मिलिग्रॅम पायपरीन पेलाभर पाण्यात विरघळलं तर लिटरमागे चाळीस मिलिग्रॅम होतात, म्हणजे लागतं त्याच्या जवळजवळ नऊ पट. पाण्यात विरघळण्याची पायपरीनची मर्यादाही याच्या आसपासच आहे, त्यामुळे यापुढे डोस वाढवून द्रावण दाट होत नाही. आता तेच दहा मिलिग्रॅम संपूर्ण शोषून शरीरातल्या सुमारे चाळीस लिटर पाण्यात पसरले असं समजा, यकृताने काहीच मोडलं नाही असंही धरा. लिटरमागे पाव मिलिग्रॅम उरतं, लागणाऱ्या प्रमाणाच्या पाव भागापेक्षाही कितीतरी कमी. वनस्पतिद्रव्यांचा प्रभाव आतड्याच्या भिंतीपाशीच का दिसतो, आणि मूत्रपिंडात किंवा मेंदूत सहसा का दिसत नाही, ते या आकड्यांत आहे. क्विनिडीन हा अपवाद, कारण ते काही शे मिलिग्रॅमच्या डोसात घेतलं जातं आणि रक्तात पुरेसं साठतं. म्हणून ते मूत्रपिंडातला पंपही अडवतं, आणि म्हणूनच डिगॉक्सिन दुप्पट होतं. फक्त आतडं अडवलं असतं, तर ६३ टक्के फार तर शंभर टक्के झाले असते, दुप्पट नाही.

जेवणातल्या मिरीचं काय? ग्रॅमभर मिरीत साधारण पन्नास मिलिग्रॅम पायपरीन असतं, म्हणजे चिमूटभर पुडीतही पाच-दहा मिलिग्रॅम. कागदावर हा आकडा कॅप्सूलइतकाच होतो. पण मिरीच्या कणांतलं पायपरीन तेलकट भागात आणि चोथ्यात अडकलेलं असतं, ते अन्नाच्या मोठ्या लगद्यात पसरतं, आणि गोळीच्या बरोबरीने त्याच जागी, त्याच वेळी पोचेल असं नसतं. माझं मत असं की रोजच्या भाजी-आमटीतल्या मिरीने घाबरून जायचं कारण नाही. हा स्वयंपाक तुमच्या औषधाचा डोस ठरवताना आधीपासूनच चालू होता. प्रश्न येतो तो अचानक बदल केला तर. ‘शोषण वाढवणारं’ म्हणून विकलं जाणारं शुद्ध पायपरीन उपाशीपोटी गोळीबरोबर घ्यायला लागलात, तर त्या दिवसापासून तुमचा डोस बदललेला असू शकतो. तेलंगणातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दहा दिवस रोज वीस मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तेव्हा शिंकांवरच्या फेक्सोफेनाडिनचं रक्तातलं एकूण प्रमाण दीडपटीहून जास्त झालं. फेक्सोफेनाडिनही पंपाने उपसलं जातं आणि जवळजवळ न मोडता शरीराबाहेर पडतं.

भारताने या गुणाचा मुद्दाम उपयोगही केला आहे. रिफाम्पिसिन २०० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम आणि पायपरीन १० मिलिग्रॅम अशी एक कॅप्सूल जम्मूच्या संशोधनातून बाजारात आली. पायपरीनमुळे कमी रिफाम्पिसिनमध्येही जास्त मात्रेइतकी पातळी मिळते, असा तिच्यामागचा विचार. विचार चांगला आहे, पण एक अडचण त्याच्या पोटातच आहे. अवरोधक रोज सारखाच, त्याच वेळी, त्याच औषधाबरोबर आतड्यात पोचला पाहिजे, आणि रुग्णागणिक पंपाचं बळ निराळं असतं. सरकारी क्षय कार्यक्रमातल्या गोळ्यांत पायपरीन नसतं, त्यांची संख्या वजनावर ठरते.

सगळ्या वनस्पतिद्रव्यांची जादू या पंपाच्याच खात्यावर टाकू नये. मिरीबरोबर हळदीतलं कर्क्युमिन जास्त शोषलं जातं हे खरं, पण तिथे मुख्य काम पायपरीन कर्क्युमिनला साखरेच्या रेणूशी जोडून निकामी करणाऱ्या विकरांना अडवून करतं. द्राक्षफळाचा रस अनेक औषधांची पातळी चढवतो, तो प्रामुख्याने आतड्यातल्या विकरामुळे. डिगॉक्सिनवर त्याचा परिणाम नगण्य आहे. फेक्सोफेनाडिनची पातळी तर तो रस उलट खाली आणतो, कारण ते औषध आत ओढून घेणारी वेगळीच वाहक प्रथिनं त्यात अडतात. एकाच पेल्यातून एका औषधाला धक्का वरच्या दिशेने आणि दुसऱ्याला खालच्या दिशेने. म्हणून ‘हे द्रव्य पंप अडवतं’ एवढ्यावर काहीही सांगता येत नाही. कोणतं औषध, किती डोस, आणि औषधाला अडवणारा एकटा पंपच आहे का, हे विचारावंच लागतं.

उलट दिशेचा परिणाम, म्हणजे पंप वाढणं, डॉक्टरांच्या नजरेतून जास्त सुटतो. आपल्याकडे क्षय आणि हृदयविकार एकाच माणसात असणं दुर्मीळ नाही. अशा रुग्णाची पाव मिलिग्रॅम डिगॉक्सिनची गोळी चालू आहे असं धरा. रिफाम्पिसिनपूर्वी तिच्यातलं सुमारे ०.१६ मिलिग्रॅम रक्तात पोचत होतं. दोनेक आठवड्यांनी पंप वाढला की ०.११ च्या आसपास पोचेल. धाप वाढली, ठोके वेगात आले म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, आणि त्या काळापुरता तो बरोबर असतो. सहा महिन्यांनी क्षयाचा कोर्स संपतो, रुग्ण आनंदात असतो, आणि वाढवलेली डिगॉक्सिनची चिठ्ठी तशीच चालू राहते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही दिवसांतच बदलतात. नव्या पेशींत पंप पूर्वीइतकेच असतात, आणि वाढवलेली गोळी आता पूर्ण जोराने पोचू लागते. रिफाम्पिसिन बंद झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी, डिगॉक्सिनची गोळी घेतल्यानंतर किमान सहा तासांनी रक्त घेऊन पातळी तपासली, तर ही चढ वेळेत सापडते. त्याआधीच भूक गेली, मळमळू लागलं किंवा नाडी मंद लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं, आणि कळवताना क्षयाचं औषध कधी थांबलं ती तारीखही सांगायची.